हातचा चारदा

दुसरीतल्या मुलाला ४७ आणि ३८ यांची बेरीज सांगितली, तर तो आधी एकक मिळवतो, पाच लिहितो, ‘हातचा एक’ असं पुटपुटतो आणि मग दशकाकडे वळतो. आर्डुइनो उनो या बोर्डावरची एटीमेगा३२८पी ही चिप मोठ्या बेरजा नेमक्या अशाच करते. फरक इतकाच, की मुलाच्या प्रत्येक घरात नऊपर्यंतचा अंक मावतो आणि चिपच्या घरात २५५ पर्यंतचा.

ही चिप आठ बिटांची आहे. म्हणजे तिचं बेरीज-यंत्र एका दमात एकाच बाइटला हात घालतं. बत्तीस बिटांची संख्या चार बाइट व्यापते, म्हणून तिच्यासाठी चार घरं लागतात. उजवीकडून पहिलं घर एककांचं, दुसरं २५६ च्या पटींचं, तिसरं ६५,५३६ च्या पटींचं आणि चौथं त्याच्याही २५६ पट.

समजा ७०,००० मध्ये ६५,००० मिळवायचे आहेत. सत्तर हजारांची घरं डावीकडून ०, १, १७, ११२ अशी, तर पासष्ट हजारांची ०, ०, २५३, २३२ अशी. उजवीकडून सुरुवात करू. ११२ आणि २३२ मिळून ३४४ होतात. घरात तेवढे मावत नाहीत, म्हणून २५६ वजा जाऊन ८८ उरतात आणि हातचा एक. पुढे १७, २५३ आणि तो हातचा मिळून २७१. इथेही १५ उरतात, पुन्हा हातचा एक. तिसऱ्या घरात १ आणि हातचा मिळून २, चौथ्यात शून्य. घरं झाली ०, २, १५, ८८. हिशेब करून पाहिला तर बरोबर १,३५,०००.

चिपला हे चार सूचनांत सांगतात:

```
add r22, r18
adc r23, r19
adc r24, r20
adc r25, r21
```

पहिल्या `add` ला मागचा हातचा नको असतो. बाकीच्या तीन `adc` मात्र आधीचा हातचा धरूनच बेरीज करतात. तो हातचा राहतो ‘कॅरी फ्लॅग’ नावाच्या एकाच बिटात. दर सूचना तो बिट नव्याने लिहिते, त्यामुळे क्रम उजवीकडूनच हवा आणि मधे कुणी त्या बिटाला धक्का लावता कामा नये.

चारही ठिकाणी `add` लिहिलं तर? पाच अधिक सात बारा बरोबर येतात, म्हणून चूक लपून राहते. आपल्या उदाहरणात मात्र उत्तर ६९,२०८ येतं. ते ६५,७९२ ने कमी आहे, म्हणजे ६५,५३६ अधिक २५६ ने: वाटेत पडलेले दोन हातचे. उत्तर अशा ठरावीक रकमांनीच चुकत असेल, तर हातचा कुठे हरवतोय ते शोधायचं.

याहून छळवादी प्रकार म्हणजे कधीतरीच चुकणारी बेरीज. दोन सूचनांच्या मधेच इंटरप्ट आला आणि त्याच्या कोडने फ्लॅगचं रजिस्टर आधी जपून ठेवलं नाही, तर परतल्यावर हातचा बदललेला असतो. ही चिप ते रजिस्टर स्वतःहून जपत नाही. ते काम कोड लिहिणाऱ्याचं किंवा कंपायलरचं.

वजाबाकीत हातच्याऐवजी उसना. `sub` आणि मग तीनदा `sbc`. १,३५,००० मधून ७०,००० काढताना ८८ मधून ११२ जात नाहीत, म्हणून पुढच्या घराकडून एक, म्हणजे इथले २५६, उसने घेऊन २३२ उरतात. पुढे १५ मधून १७ आणि तो उसना एक काढायचा. पुन्हा उसनं घेऊन २५३. तिसऱ्या घरात दोनमधून एक आणि उसना एक गेला की शून्य. पासष्ट हजार परत हाती.

इथे कॅरी फ्लॅग १ असणं म्हणजे उसना घेतला. १९७५ च्या ६५०२ प्रोसेसरमध्ये, जो पुढे अ‍ॅपल टू मध्ये आला, अर्थ बरोबर उलटा: १ म्हणजे उसना नाही. तो वजा करायच्या संख्येचे सगळे बिट उलटवून बेरीज करतो आणि त्या बेरजेला लागणारा एक कॅरीतून घेतो. म्हणून वजाबाकीआधी `SEC` लिहून तो बिट १ करावा लागतो. विसरलं आणि बिट शून्य असला, तर पाच वजा तीनचं उत्तर एक येतं.

चौथ्या घरापलीकडे गेलेल्या हातच्याला किंवा उसन्याला मात्र जागाच नाही. तो गळून जातो. कधीकधी ते सोयीचंही पडतं. आर्डुइनोचा `millis()` हा मिलिसेकंदांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि शून्यावर येतो. सुरुवात ४,२९,४९,६७,००० ला नोंदवली आणि आता काउंटर २०० दाखवतोय, तरी साधी वजाबाकी ४९६ मिलिसेकंद देते, कारण शेवटचा उसना कुणी परत मागत नाही.