आठवडाभर करून बघू, रविवारी ठरवू

पहाटे उठून फिरायला जायचं असं सोमवारी ठरवलेलं बहुतेक घरांत बुधवार-गुरुवारकडे डळमळतं. त्यामागे आळस असतोच असं नाही. शरीराचं घड्याळ अलीकडे ओढायला वेळ लागतो. गजर एका दिवसात तासभर आधी लावता येतो, पण झोप रात्री तासभर आधी येत नाही. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत झोपेची उधारी साचते आणि नेमकं तेव्हाच आपण ‘हे आपल्याला जमायचं नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. सोमवारच्या भरात वर्षभराचा शब्द देऊन टाकणं हीसुद्धा तितकीच घाई आहे. म्हणून आठवडाभर करून बघायचं आणि ठरवायचं कधी, तो दिवस नि वेळ आधीच लिहून ठेवायची: रविवार, सकाळी अकरा. तोवर सोडायचंही नाही आणि कायमचं म्हणायचंही नाही.

एका आठवड्यात सवय लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी गोष्ट रोज करायला सांगून बारा आठवडे नोंदी ठेवल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मग सात दिवसांत काय कळतं? हा दिनक्रम आपल्या घरात बसतो का आणि बसत नसेल तर कुठे अडतो, एवढं नक्की कळतं.

ठाण्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. बाई एका कंपनीत हिशेबाचं काम पाहते, सकाळी सव्वाआठची लोकल पकडते. रात्री पावणेबाराला झोपून साडेसहाला उठते. तिला साडेपाचला उठून तलावपाळीला फिरायला जायचं आहे. आदल्या रविवारी ती वहीत तीन अटी लिहिते: सातपैकी पाच दिवस फिरणं व्हावं, फिरण्याच्या दिवशीही साडेसहा तास झोप मिळावी आणि लोकल चुकू नये. अटी आधी लिहायच्या, कारण आठवडा संपल्यावर लिहिल्या तर त्या आपल्या मनासारख्याच निघतात. आठवडाही नेहमीचा निवडायचा. गणपतीचा, परीक्षेचा किंवा पाहुण्यांचा आठवडा काहीच सांगत नाही.

रोजची नोंद एका ओळीची: दिवा कधी मालवला, उठले कधी, फिरणं झालं का, दुपारी तीनला डोळे मिटत होते का. ही ओळ त्याच दिवशी लिहावी. रविवारी आठवून लिहिलं तर शनिवारचा थकवाच सगळ्या आठवड्यावर पसरतो.

रविवारी वही उघडल्यावर दिसतं, की फिरणं पाच दिवस झालं आणि लोकल एकदाही चुकली नाही. गुरुवार हुकला, पण त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. लॅलींच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलेलं दिसलं नाही. काळजी करावी ती झोपेच्या रकान्याची. दिवा कधी अकरा वीसला मालवला, कधी पाच मिनिटं कमी बाराला. फिरण्याच्या पाच दिवसांत झोप एकदाही सव्वासहा तासांच्या वर गेली नाही, आणि बुधवारपासून ‘तीनला डोळे मिटले’ ही नोंद रोज आहे. म्हणजे पहाटेचं उठणं जमलं होतं, अडलं होतं ते रात्रीचं आवरणं. मुलाचा क्लास नऊला सुटतो, जेवणं सव्वादहापर्यंत चालतात आणि त्यानंतर ओटा आवरायला ती एकटीच उभी असते.

असा निकाल ‘चालू ठेवा’ही नाही आणि ‘सोडा’ही नाही. अशा वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आणखी एक आठवडा घ्यायचा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. इथे ओटा आणि भांडी नवरा आणि मुलगा घेतात, दिवा पावणेअकराला मालवायचा ठरतो आणि पुढच्या रविवारची वेळ कॅलेंडरवर लिहिली जाते. अकराची बैठक घरच्यांसोबत बसून करावी असं मला कळकळीने वाटतं ते यासाठीच. अडचण पहाटेची दिसली, तरी उपाय सगळ्या घराच्या हातात होता.

ठरलेल्या तारखेपर्यंत थांबण्याला एक अपवाद आहे. स्कूटर चालवताना डुलकी आली, चक्कर आली किंवा छातीत दुखलं, तर रविवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी थांबावं. छातीत दुखत असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

काही गोष्टी मात्र सात दिवसांना दिसूच शकत नाहीत. महिनाअखेरीस ऑफिसात उशिरापर्यंत बसावं लागतं, पावसाळ्यात पहाटे रस्त्यावर पाणी असतं. म्हणून दुसरा आठवडा अटींत बसला, तरी पुढची तारीख महिनाअखेर उलटल्यावरची घ्यावी. फिरण्याने साखर उतरली का हे पाहायचं असेल, तर आणखी थांबावं लागेल. एचबीए१सी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते. पहिल्या रविवारी तिच्यात काही शोधण्यात अर्थ नाही.