शंभर टक्के अचूक भाकिताचा फसवा हिशेब

भास, भ्रम आणि वास्तवाशी तुटलेले नाते ही सायकोसिसची लक्षणे होत. हा विकार जडण्यापूर्वी काही तरुणांत सौम्य पूर्वचिन्हे दिसतात. पण त्यांतील बहुतेकांना पुढे तो होत नाही. कोणाला होईल, हे संगणकाला आधी ओळखता येईल काय?

न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये अशा ३४ तरुणांच्या बोलण्याचे संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. वाक्यांतील अर्थाची संगती कोठे तुटते, वाक्ये किती लांब आहेत, हे तपासले गेले. अडीच वर्षांत पाच जणांना सायकोसिस झाला आणि मॉडेलने सर्व ३४ जणांचे भाकीत अचूक केले.

आता हिशेब पाहा. ‘कोणालाच विकार होणार नाही’ असे डोळे मिटून सांगणाराही ३४ पैकी २९ वेळा, म्हणजे ८५ टक्के बरोबर ठरला असता. मात्र रुग्ण त्याला एकही सापडला नसता. शिवाय पाचपैकी पाच रुग्ण ओळखले, तरी खरी क्षमता सुमारे ४८ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते.

रुग्ण मोजके आणि तपासलेली वैशिष्ट्ये अनेक असली, की मॉडेल नियम शिकण्याऐवजी त्याच माणसांच्या योगायोगी खुणा पाठ करते. यालाच ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून एकेका व्यक्तीला बाजूला ठेवून उरलेल्यांवर मॉडेल शिकवतात. परंतु वैशिष्ट्यांची निवड सर्वांची माहिती पाहून आधीच केलेली असेल, तर उत्तरपत्रिका फुटलेलीच असते. खरी कसोटी परक्या गटावर लागते. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या तरुणांवर शिकवलेले असेच मॉडेल न्यूयॉर्कच्या मूळ गटावर ७९ टक्केच अचूक ठरले.

दुसरी मेख ‘कॅलिब्रेशन’ची. मॉडेलने ज्यांना ३० टक्के धोका सांगितला, अशा शंभरांपैकी सुमारे तीस जणांनाच पुढे विकार व्हायला हवा. समजा, एखादे मॉडेल ८० टक्के रुग्ण आणि ८० टक्के निरोगी अचूक ओळखते. विशेष दवाखान्यातील हजारांपैकी १५० जणांना विकार होणार असेल, तर इशारा मिळालेल्या २९० पैकी १२० जणांबाबत तो खरा ठरतो. तेच मॉडेल महाविद्यालयात नेले आणि तेथे हजारी ३० जणांनाच विकार होणार असेल, तर २१८ इशाऱ्यांपैकी केवळ २४ खरे ठरतात. उरलेल्या १९४ तरुणांच्या वाट्याला विनाकारण भीती, कलंक आणि कदाचित औषधेही येतात.

म्हणून अहवालात केवळ अचूकतेची टक्केवारी पुरेशी नाही. किती जणांना विकार झाला, अनिश्चिततेची मर्यादा किती, किती मॉडेले करून पाहिली आणि परक्या गटावर काय घडले, हे सांगणे आवश्यक आहे. २०१५ च्या ‘ट्रायपॉड’ या मार्गदर्शक नियमावलीने, आणि मशीन लर्निंगसाठी २०२४ मध्ये झालेल्या तिच्या सुधारित आवृत्तीने, अशाच तपशिलांची मागणी केली आहे.