रेनेट घातलं, तरी दूध गोठेना!

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी आज डेअरी सायन्सचा एक फसवा प्रश्न. रेनेट घातलेलं दूध 10 अंशांवर तासभर ठेवलं, गोठलं नाही. तेच 30 अंशांवर नेलं आणि झटकन गोठलं. का?

‘थंडीत एन्झाइम बंद पडतं’ असं लिहिलंत तर मार्क गेले. दुधात केसिनचे बारीक गोळे तरंगतात. त्यांच्यावर कॅपा-केसिनची लव असते, म्हणून ते चिकटत नाहीत. रेनेटमधलं कायमोसिन ही लव कापतं (105 आणि 106 क्रमांकाच्या अमिनो आम्लांमधला बंध, हा आकडा लिहाच). हे काम थंडीतही हळूहळू चालतं. बोडके झालेले गोळे मग कॅल्शियमच्या मदतीने जुळतात, त्याला मात्र ऊब लागते. दोन टप्पे वेगळे लिहा. पनीरमध्ये यातलं काहीच नाही, तिथे उष्णता आणि आम्ल.

कर्ड कापून, गरम करून व्हे काढला, मीठ लावून दाबलं, तरी थोडं रेनेट आत उरतंच. चेडर पिकताना ते केसिन तोडत राहतं, त्याने चीज मऊ होतं. विरजणातल्या जिवाणूंची एन्झाइम त्या तुकड्यांची अमिनो आम्लं करतात, चव तिथून येते. रेनेट जास्त झालं तर चीज कडू.

आता आपली मराठवाडी म्हैस. म्हशीच्या दुधात केसिन आणि कॅल्शियम जास्त, म्हणून ते गायीच्या दुधापेक्षा लवकर गोठतं. पण कर्ड ओलावा कमी धरतं, चेडर कडक होतं आणि पिकायलाही जास्त वेळ घेतं.