सेट तीन मिलिमीटर, पण हॅमर खरा किती?

काँक्रीटची तयार पाईल जमिनीत ठोकताना शेवटच्या दहा ठोक्यांना फार महत्त्व असतं. त्या दहा ठोक्यांत पाईल किती मिलिमीटर खाली गेली, हे मोजलं की त्याला साईटवर ‘सेट’ म्हणतात. आराखड्यात ठरलेला सेट मिळाला की पाईल ‘बसली’ असं समजून हॅमर पुढच्या जागेवर हलवतात. इमारतीचा किंवा धक्क्याचा भार ही पाईल पेलेल की नाही, याचा पहिला निवाडा इथेच होतो.

या निवाड्यामागचा विचार साधा आहे. भिंतीत खिळा ठोकताना प्रत्येक ठोक्याला तो कमी कमी आत जाऊ लागला, की पुढची भिंत टणक आहे हे हाताला कळतं. पाईलचंही तसंच आहे. हॅमरचं वजन आणि त्याची पडण्याची उंची यांचा गुणाकार म्हणजे एका ठोक्याची ऊर्जा. ती ऊर्जा आणि पाईल खाली गेलेलं अंतर माहीत असेल, तर जमिनीने केलेल्या विरोधाचा हिशोब मांडता येतो. हिशोबाच्या या सूत्रांना डायनॅमिक सूत्रं म्हणतात. आपल्याकडे बराच काळ त्यांतलं हायली यांचं सूत्र वापरलं गेलं:

R = W h η / (S + C/2)

W म्हणजे हॅमरचं वजन, h म्हणजे त्याची परिणामकारक पडझेप, S म्हणजे एका ठोक्याचा सेट. η हा ठोक्याचा कार्यक्षमता गुणांक. हॅमरच्या मानाने पाईल जितकी जड, तितकी ऊर्जा आदळण्यातच वाया जाते, आणि तो तोटा या गुणांकात धरलेला असतो. C म्हणजे तात्पुरता दाब. ठोका बसला की पाईल, तिच्या डोक्यावरचं लाकडी पॅकिंग आणि खालची जमीन क्षणभर दबतात आणि परत उसळतात. त्या उसळीत गेलेली ऊर्जा पाईल खाली नेण्याच्या कामी येत नाही.

एक उदाहरण सोडवू. ३०० मिलिमीटर चौरस, १२ मीटर लांबीची पाईल घ्या. तिचं वजन सुमारे २.७ टन, हेल्मेटसह ३ टन. हॅमरही ३ टनांचा, विंचने उचलून १ मीटरवरून सोडलेला. विंचचा दोर आणि ड्रम सोबत ओढले जात असल्याने हॅमर पूर्ण मोकळा पडत नाही, म्हणून उंचीचा ८० टक्के भागच धरायचा. ऊर्जा झाली २४० टन-सेंटिमीटर. डोक्यावर चांगल्या कठीण लाकडाची डॉली असेल तर η येतो ०.५३, म्हणजे हाती उरते सुमारे १२७ टन-सेंटिमीटर. शेवटच्या दहा ठोक्यांत पाईल ३० मिलिमीटर गेली, तर S ०.३ सेंटिमीटर. C १२ मिलिमीटर भरला, त्याचं निम्मं ०.६. आता १२७ ला ०.९ ने भागा. विरोध आला सुमारे १४१ टन, आणि २.५ चा सुरक्षा गुणांक लावला की पाईलवर ५६ टन भार टाकता येतो.

हा C मोजायची पद्धत पाहण्यासारखी असते. पाईलच्या अंगावर आलेखाचा कागद चिकटवतात. पाईलपासून दूर रोवलेल्या दोन खुंट्यांवर एक सरळ पट्टी आडवी टेकवतात. ती पाईलला किंवा हॅमरच्या मनोऱ्याला अजिबात टेकता कामा नये, नाहीतर पट्टीच थरथरते. पेन्सिलचं टोक कागदावर ठेवून ती पट्टीवरून सावकाश एका बाजूला सरकवत न्यायची. प्रत्येक ठोक्याला कागदावर एक सुळका उमटतो आणि रेष थोड्या वेगळ्या पातळीवर स्थिरावते. पातळीतला फरक म्हणजे सेट, आणि सुळक्याच्या टोकापासून स्थिर पातळीपर्यंतचं अंतर म्हणजे उसळी. पॅकिंगचा दाब मात्र या कागदावर उमटत नाही, कारण कागद पॅकिंगच्या खाली असतो. तो वेगळा धरून मिळवावा लागतो. आपल्या उदाहरणात कागदावर ९ मिलिमीटर आणि पॅकिंगचे ३ धरले आहेत. ते ३ विसरले तर उत्तर ५६ वरून थेट ६८ टनांवर जातं.

सूत्राचा खरा कच्चा दुवा मात्र सेटमध्ये नाही. सेट कागदावर उमटतो, कुणीही तपासू शकतो. ऊर्जा मात्र गृहीत धरलेली असते. विंचचा ब्रेक घासत असला, दोर पुलीत अडकत असला, मार्गदर्शक पट्ट्या तिरक्या असल्या, किंवा चालकाने १ मीटरऐवजी पाऊण मीटरवरूनच हॅमर सोडला, तर पाईल कमी जाते आणि सेट छान दिसतो. ८० ऐवजी ६० टक्केच ऊर्जा पोचली, तर त्याच ३ मिलिमीटर सेटला खरी क्षमता ४२ टन असते, पण वहीत ५६ च लिहिलं जातं. हॅमर जितका आजारी, तितकी पाईल कागदावर तगडी! सेट घेण्याच्या जरा आधी डॉलीखाली नवं मऊ पॅकिंग घातलं तरी हेच होतं, कारण ते ऊर्जा गिळतं. म्हणून सेट घेताना वापरात बसलेलं, पण न जळलेलं, न चिरडलेलं पॅकिंग हवं आणि पडण्याची उंची प्रत्यक्ष खुणेवर पाहिली पाहिजे.

सूत्रासूत्रांतही मोठा फरक पडतो. अमेरिकेतल्या ‘इंजिनिअरिंग न्यूज’मध्ये वेलिंग्टन यांनी १८८८ मध्ये मांडलेलं सूत्र आपल्या पाईलला लावलं, तर त्यात अंगभूत असलेल्या ६ च्या गुणांकासह भार येतो फक्त १४ टन. तेच ठोके, तोच सेट, आणि उत्तरं १४ आणि ५६! ते सूत्र लाकडी पाईलींसाठी होतं आणि उसळीच्या जागी त्यात एकच ठरीव आकडा आहे. सूत्राला पाईलमधून धावणारी दाबाची लाटही दिसत नाही. ई. ए. एल. स्मिथ यांनी १९६० मध्ये पाईलचे तुकडे कल्पून संगणकावर ती लाट मांडली आणि तिथून तरंग-विश्लेषणाचा मार्ग मोकळा झाला.

आणखी एक मर्यादा आपल्या किनाऱ्यावर ठळकपणे जाणवते. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठच्या मऊ सागरी चिखलात पाईल ठोकताना चिखल ढवळला जातो आणि त्यातल्या पाण्याचा दाब वाढतो. त्या वेळी पाईल सहज जाते, सेट मोठा येतो. काही दिवसांत पाणी निचरलं की चिखल पाईलला पुन्हा घट्ट पकडतो. घट्ट बारीक वाळू किंवा गाळात कधी उलट होतं, आज कणखर दिसलेली पाईल उद्या सैल पडते. सूत्र फक्त त्या क्षणाचा विरोध सांगतं. म्हणून चिकणमातीत ही सूत्रं निवाड्यासाठी वापरूच नयेत. वाळू-मुरुमातही काही पाईलींवर दिवस-दोन दिवसांनी, चिखलात आणखी थांबून, पुन्हा ठोके मारावेत आणि त्यातले पहिले मोजकेच ठोके धरावेत. पुढच्या ठोक्यांनी जमीन परत ढवळते.

आज पाईलच्या डोक्याजवळ ताण आणि प्रवेग मोजणारी यंत्रं लावून प्रत्यक्ष पोचलेली ऊर्जा ठोक्यागणिक वाचता येते. पडणाऱ्या हॅमरच्या बाबतीत ती कागदावरच्या ऊर्जेच्या निम्म्याहूनही कमी निघते, असं बरेचदा दिसतं. तिच्या जोडीला स्थिर भारचाचणी हवीच. भारतीय मानक आय.एस. २९११ च्या चौथ्या भागानुसार नित्य चाचणीत पाईलवर कामाच्या भाराच्या दीडपट भार चढवतात. साईटवरच्या एखाद-दुसऱ्या पाईलची अशी चाचणी करून तिच्याशी सेट ताडून पाहिला, तर त्याच हॅमरने, त्याच मातीत ठोकलेल्या बाकीच्या पाईलींसाठी तो सेट खात्रीने वापरता येतो. हॅमर किंवा माती बदलली की ही तुलना नव्याने करावी लागते.

तुमच्या सोसायटीचा किंवा गावच्या पुलाचा पाया पाईलींवर असेल, तर पाईल-नोंदवही मागून पाहा. सेटच्या आकड्याशेजारी हॅमरचं वजन, प्रत्यक्ष पडण्याची उंची, पॅकिंगची अवस्था आणि पुन्हा ठोकल्याची तारीख लिहिलेली आहे का, ते बघा. या नोंदी नसतील, तर नुसत्या सेटच्या भरवशावर पाईल मंजूर करू नका. भारचाचणी मागा.