फोनमधला सावकार : भाग ५ – तक्रारीतली तारीख

समजा, दोह्यातल्या अल सद्दमध्ये राहणाऱ्या सांगलीच्या एका तरुणाने भारतीय नंबरावर कर्जाचं बेकायदा अॅप घेतलं. मंजूर झाले पाच हजार, खात्यात पडले तीन हजार, आणि सातव्या दिवशी मागणी पूर्ण पाच हजारांची. अॅपने कॉन्टॅक्ट यादी आधीच उचललेली. त्यामुळे त्याचा चेहरा जोडलेला अश्लील फोटो त्याला आला, तसाच सांगलीत त्याच्या भावालाही.

अशी तक्रार ढिली पडते ती बहुधा तारखांमध्ये. कतारचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे. ४ मार्चला दोह्यात रात्री १०.१० वाजता आलेली धमकी भावाच्या फोनवर ५ मार्च, ००.४० अशी दिसते. एकाच प्रसंगाच्या दोन तारखा पाहिल्या की तपास अधिकारी गोंधळतो आणि पुढे आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. म्हणून नोंद अशी लिहावी: ‘४ मार्च, दोहा रात्री १०.१० (भारतात ५ मार्च, ००.४०). अमुक नंबरावरून व्हॉट्सअॅप संदेश: पैसे भर, नाहीतर फोटो सगळ्यांना जाईल. चित्र क्र. ३.’ संदेश शब्दशः द्यावा, शिवीसुद्धा. ‘मला त्रास दिला’ एवढ्यावरून खंडणीचं कलम लागत नाही. पैशांची मागणी आणि धमकी एकत्र दिसायला हवी.

त्याच दिवशी काढलेल्या स्क्रीनशॉटवर तारखेऐवजी नुसतं ‘आज’ दिसतं. तरीही तो लगेच काढावाच, कारण पाठवणारा संदेश पुसू शकतो. सोबत चॅट ‘एक्स्पोर्ट’ करावं. त्यात प्रत्येक ओळीपुढे तारीख-वेळ येते. प्रोफाइल उघडून नंबरही टिपावा. पैसे भरले असतील तर यूपीआय आयडी आणि यूटीआर क्रमांक द्यावा, कारण पोलिसांना पैशांच्या वाटेने पुढे जाता येतं. हे होईपर्यंत अॅप काढू नये. फोटो मात्र पोलिसांखेरीज कुणालाही पाठवू नये.

ही तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ठाण्याकडे ई-मेलने पाठवलेली माहितीही चालते, पण तिच्यावर तीन दिवसांत सही करावी लागते. अल सद्दमध्ये बसून ते कसं जमणार? इथे भाऊ उपयोगी पडतो. तो नुसता साक्षीदार नाही, धमकी त्यालाही आली आहे. त्याने सांगलीत स्वतःच्या नावाने तक्रार द्यावी आणि स्वतःच्या फोनमधल्या पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं. दोह्यातल्या तरुणाला कतारच्या गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे विभागाकडेही जाता येतं. तिथल्या २०१४ च्या १४ क्रमांकाच्या कायद्यात इंटरनेटवरून धमकावून उकळणं हा गुन्हाच आहे.

पैसे भरल्याने फोटो परत येत नाहीत, मागणी मात्र पुन्हा येते. तुमच्या घरात कुणी असं अडकलं असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याच्याजवळ बसून तारखा लिहून घ्या.