कुलूप लावायचं आणि कुलूप लावल्याचं

समजा, एका घरात चोरी झाली आहे. घरमालक चार दिवस गावाला गेले होते. परत येऊन बघतात तर दार उघडं, कपाट उचकटलेलं. विमा कंपनीला इंग्रजीत लेखी जबाब हवा आहे आणि त्यात पहिला प्रश्न कुलपाचा आहे. निघायच्या गडबडीत आपण कुलूप लावलं होतं का, हे घरमालकांना खरंच आठवत नाही. तेवढंच सांगावं म्हणून ते लिहितात, ‘आय डिड नॉट रिमेंबर टू लॉक द डोअर.’

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. कुठलाही शिक्षक त्यावर लाल रेघ मारणार नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते असं : ‘कुलूप लावायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.’ म्हणजे दाराला कुलूप नव्हतंच, असं घरमालकांनी स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. त्यांना लिहायचं होतं ‘आय डू नॉट रिमेंबर लॉकिंग द डोअर.’ त्या वाक्यात कुलूप होतं की नव्हतं याचा निकाल लागत नाही. लावलेलं असू शकतं, नसूही शकतं. मला ते आठवत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं.

इंग्रजीत काही क्रियापदांनंतर ‘टू’ लावलेलं रूप येतं, काहींनंतर ‘-इंग’ लावलेलं. पहिल्याला इनफिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जेरंड. ‘वॉन्ट’नंतर नेहमी टू, ‘एन्जॉय’नंतर नेहमी इंग, अशा याद्या शाळेत पाठ करून घेतात आणि त्या पाठ करण्याला पर्यायही नाही. पण रिमेंबर, फरगेट, स्टॉप, ट्राय आणि रिग्रेट या क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात आणि रूप बदललं की अर्थ बदलतो. इथे चूक झाली तर ती दिसतही नाही, कारण वाक्य बरोबरच असतं. ते फक्त आपलं वाक्य नसतं.

मराठी माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. हा भेद आपण लहानपणापासून अचूक करत आलो आहोत. ‘कुलूप लावल्याचं आठवत नाही’ आणि ‘कुलूप लावायचं लक्षात राहिलं नाही’ यांत आपली कधी गल्लत होत नाही. ‘लावल्याचं’ म्हणताना क्रिया मागे पडलेली असते आणि आपण वळून तिच्याकडे बघत असतो. ‘लावायचं’ म्हणताना ती पुढे असते, अजून करायची असते. इंग्रजीतही अगदी हेच आहे. आधी क्रिया आणि मग आठवण असेल तर इंग. आधी आठवण आणि मग क्रिया असेल तर टू.

गंमत अशी की होकारार्थी वाक्यात ही चूक बहुधा खपून जाते. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणा किंवा ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणा, दोन्हींत कुलूप लागलेलंच आहे. एकात ते आठवणीनं लावलं, दुसऱ्यात लावल्याचं आज आठवतं. नकार आला की मात्र वाटा फुटतात. एका वाक्यात दार नक्की उघडं राहिलं, दुसऱ्यात दाराबद्दल काहीच सांगता येत नाही. म्हणून आपलं वाक्य तपासायचं असेल तर मनातल्या मनात त्याला ‘नॉट’ लावून बघावं. अर्थ भलतीकडे गेला तर रूप चुकलेलं आहे.

‘फरगेट’ही त्याच वाटेनं जातं. ‘आय फरगॉट टू पे द बिल’ म्हणजे बिल भरायचं राहिलं. भरलं होतं पण भरल्याचं विसरलो, हे सांगायला इंग्रजी माणूस बहुधा ‘आय फरगॉट दॅट आय हॅड पेड’ असं सरळ म्हणतो. फरगेटनंतरचं इंग जास्त करून ‘नेव्हर’च्या सोबतीनं येतं : ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी.’ समुद्र पाहिल्याचं मी कधीच विसरणार नाही.

टू पुढे बघतं आणि इंग मागे, हे काही कोणी बसून ठरवलेलं नाही. हा ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्दच आहे, ‘आय वेंट टू पुणे’मधला. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो क्रियापदाच्या एका विशिष्ट रूपाआधी येत असे आणि तिथेही त्याचा रोख ‘त्या क्रियेकडे’ असाच होता. इंग मात्र क्रियेचं नाम बनवणाऱ्या प्रत्ययातून आलं. नाम झालेली क्रिया ही घडलेली किंवा घडत असलेली, बोट दाखवता येईल अशी गोष्ट असते. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६८ साली हा फरक नेमका मांडला : इंग क्रियेला वास्तव म्हणून समोर ठेवतं, टू तिला शक्यता म्हणून. हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही, पण या चारपाच क्रियापदांपुरतं ते फार उपयोगी आहे.

मग मराठी माणूस अडखळतो कुठे? शाळेत शिकलेल्या एका समीकरणावर. ‘टू गो म्हणजे जाणे, जायला, जायचं.’ मराठीत ‘-यचं’ दिसलं की हात आपोआप ‘टू’ लिहितो. ‘कुलूप लावायचं लक्षात ठेव’ इथे ते जमून जातं. पण ‘त्यानं सिगारेट ओढायचं थांबवलं’ या वाक्यातही तेच ‘-यचं’ आहे आणि तिथे ते फसवतं. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ लिहिलं की सिगारेट सोडलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून सिगारेट पेटवू लागतो.

स्टॉपचं कोडं एका लांब वाक्यानं सुटतं. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग टू ड्रिंक वॉटर’ म्हणजे पाणी प्यायला तो बोलायचा थांबला. यात दोन्ही रूपं आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. जे थांबलं ते बोलणं, त्याला इंग. ज्यासाठी थांबलं ते पाणी पिणं, त्याला टू. आता यातलं ‘टॉकिंग’ काढून टाका. उरतं ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर’, तो पाणी प्यायला थांबला. काय करायचं थांबला, हे आता वाक्यात नाही; कशासाठी थांबला, तेवढंच आहे. म्हणजे स्टॉपनंतरचा टू हा खरं तर स्टॉपचा नाहीच, तो ‘-साठी’ आहे. मराठीत ‘प्यायला थांबला’च्या जागी ‘पिण्यासाठी थांबला’ म्हणता येत असेल तर टू घाला. म्हणता येत नसेल तर इंग. सिगारेट सोडणारा माणूस काही ‘ओढण्यासाठी’ थांबत नाही, म्हणून ‘स्टॉप्ड स्मोकिंग’.

ही कसोटी रिमेंबरला लावू नये. ‘कुलूप लावण्यासाठी लक्षात ठेवलं’ असं कोणी बोलत नाही, तरी तिथे टू येतो. दोन क्रियापदांचे टू दिसायला एक असले तरी एक ‘-यचं’ आहे, दुसरा ‘-साठी’.

ट्रायमध्ये आधी काय आणि नंतर काय हा प्रश्नच विचारायचा नसतो. तिथे प्रश्न असा की क्रिया घडली का? खोलीत उकडतंय, खिडकी जुनी, लाकूड फुगलेलं. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला. जोर लावला आणि बहुधा ती हललीच नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहिली. खिडकी उघडली, पण उकाडा काही कमी झाला नाही. पहिल्यात अडचण खिडकीची आहे, दुसऱ्यात खिडकी हा एक उपाय आहे आणि तो लागू पडला नाही.

इथे मराठीनं आपल्या हातात दिलेलं ‘-ऊन पाहणे’ फार मोलाचं आहे. करून पाहिलं, बंद करून परत चालू करून पाहिलं, आलं घालून पाहिलं. हा ‘पाहिलं’ जिथे सहज येतो तिथे इंग्रजीत इंग. ‘प्रयत्न केला’ जिथे येतो तिथे टू. संगणक दुरुस्त करणारा फोनवर सांगतो, ‘ट्राय रीस्टार्टिंग इट’, म्हणजे रीस्टार्ट करून बघा. त्यात तुम्हाला काही अवघड नाही. त्यानं काम होतं का, ते बघायचं आहे. त्याच्या जागी ‘ट्राय टू रीस्टार्ट इट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की रीस्टार्ट होणंच मुश्कील आहे. बोलताना इंग्रज लोकही ही रेघ काटेकोर पाळत नाहीत. ‘आय ट्राइड कॉलिंग यू’ आणि ‘आय ट्राइड टू कॉल यू’ अनेकदा एकाच अर्थानं म्हटलं जातं. लिहिताना मात्र, विशेषतः तक्रारीत किंवा कामाच्या अहवालात, फरक पाळावा. ‘ट्राइड रिप्लेसिंग द फ्यूज’ लिहिलं तर फ्यूज बदलला गेला आहे, ‘ट्राइड टू रिप्लेस’ लिहिलं तर कदाचित नाही. पुढे येणारा वायरमन त्यावरून ठरवणार आहे की सुरुवात कुठून करायची.

रिग्रेटमध्ये पुन्हा तीच मागची-पुढची वाट. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो. सांगून झालं आहे, परत घेता येत नाही. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवण्यास खेद होतो. अजून कळवलेलं नाही, कळवणं पुढच्या ओळीत आहे. मराठी दोन्हीकडे किती स्वच्छ चालते बघा : मागच्यासाठी ‘सांगितल्याचा’, पुढच्यासाठी ‘कळवण्यास’.

रिग्रेट टूचा वापर मात्र फार अरुंद आहे. त्याच्यापुढे इन्फॉर्म, टेल, से, अनाउन्स अशी बातमी देणारी मोजकीच क्रियापदं येतात. ते शोभतं वर्तमानकाळात आणि औपचारिक पत्रात. ‘नोकरी सोडल्याचं वाईट वाटतं’ यासाठी ‘आय रिग्रेट टू लीव्ह द जॉब’ लिहिलं तर चालत नाही. तिथे ‘लीव्हिंग’च हवं. आणि घरच्या माणसाला ‘आय रिग्रेट टू टेल यू’ असं लिहू नये, ते कचेरीतून आल्यासारखं वाटतं. ‘आय अ‍ॅम सॉरी टू टेल यू’ पुरतं.

बिगन आणि स्टार्ट यांनाही दोन्ही रूपं चालतात, पण तिथे अर्थात म्हणावा असा फरक पडत नाही. ‘इट स्टार्टेड रेनिंग’ किंवा ‘इट स्टार्टेड टू रेन’, पाऊस तोच. त्यांच्या बाबतीत एकच गोष्ट सांभाळायची : स्टार्टलाच आधी इंग लागलेलं असेल तर पुढे दुसरं इंग कानाला खटकतं, म्हणून आभाळ भरून येऊन पहिले थेंब पडताना ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’ म्हणतात.