गोल गळ्यावर कॉलर चढवताना

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना टी-शर्ट छापणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर एकच मागणी येते. "दादा, दिसेल कसा ते आधी पाठवा, मग ऑर्डर फायनल करू." छापणाऱ्याकडे साध्या गोल गळ्याच्या राखाडी टी-शर्टातल्या एका तरुणाचा बरा फोटो असतो. मंडळाला मात्र हवा असतो कॉलरचा पोलो, त्यातही गडद निळा. कार्यकर्त्यांपैकी एखादा म्हणतो की थंडीतल्या ट्रेकसाठी हुडीपण दाखवा. कपडा अजून शिवलेला नाही, तेव्हा जे काय करायचं ते फोटोतच.

यावरचा सोपा उपाय म्हणजे कुठून तरी कॉलर कापून आणायची आणि गळ्यावर चिकटवायची. पासपोर्ट साइज फोटोवर स्टुडिओवाले कोट चढवतात तोच हा प्रकार, आणि तो तसाच दिसतो. कापड पाहणाऱ्याच्या नजरेला ते लगेच खटकतं. कारण कॉलर ही टी-शर्टात घातलेली भर नसते. ती आली की मानेचा काही भाग झाकला जातो, गळ्याची जुनी शिवण नाहीशी होते, छातीवर नवी सावली पडते. हे तिन्ही बदल फोटोत झाले नाहीत तर कॉलर कितीही सुबक काढलेली असो, ती हवेत तरंगते.

काम सुरू होतं मोजमापापासून. फोटोतच एक पट्टी दडलेली असते, ती म्हणजे टी-शर्टाच्या गळ्याची रिब. साधारण टी-शर्टात ती सुमारे 2 सेंटिमीटर रुंद असते. समजा आपल्या फोटोत ती 30 पिक्सेल भरली, तर 1 सेंटिमीटर म्हणजे 15 पिक्सेल. आता पोलोची पुढची बटणपट्टी, जी खऱ्या कपड्यात 3 सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि 14 सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, ती फोटोत 45 बाय 210 पिक्सेलची होईल. बटण सव्वा सेंटिमीटरच्या आतलं, म्हणजे 17-18 पिक्सेल. डोळ्याच्या अंदाजाने काढलेलं बटण जवळजवळ नेहमीच मोठं होतं आणि मग पोलो लहान मुलाचा वाटायला लागतो. पट्टीची वरची बाजूही ठरलेली असते. पुरुषांच्या कपड्यात अंगावरची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला काजाची पट्टी आपल्या उजव्या हाताकडे वर दिसली पाहिजे. बायकांच्या कपड्यात सहसा उलट.

पट्टी किती उघडी ठेवायची यालाही फोटोच मर्यादा घालतो. गोल गळ्याच्या वर जेवढी कातडी दिसते तेवढीच आपल्याकडे आहे. दोन बटणं उघडी दाखवायची म्हटली तर फट जुन्या गळ्याच्या खाली उतरते आणि तिथली छाती आपल्याला मनाने रंगवावी लागते. म्हणून शहाणा माणूस सगळी बटणं लावून टाकतो, नाहीतर फक्त वरचं एक उघडं ठेवतो.

कॉलरचा आकार काढताना लक्षात ठेवायचं ते हे की ती मानेच्या पुढच्या भागावर नसते, मानेभोवती असते. डब्याचा गोल काठ जरा वरून पाहिला तर जसा लांबट दिसतो, जवळचा अर्धा खाली आणि लांबचा अर्धा वर, तसाच गळ्याचा घेर कॅमेऱ्याला दिसतो. टी-शर्टात मागचा अर्धा खांद्याच्या रेषेला टेकलेला असतो. कॉलर मात्र मागे उभी राहते आणि मग दुमडून खाली येते, त्यामुळे ती घडी मानेच्या दोन्ही बाजूंना तीनेक सेंटिमीटर वर चढलेली दिसायला हवी. आपल्या मापाने 45 पिक्सेल मान झाकली गेली पाहिजे. नवशिक्याच्या कामात नेमकी हीच मान उघडी राहते. कॉलरची दोन टोकं पुढे अगदी छान पसरलेली असतात आणि बाजूला जुन्या टी-शर्टाची रिब अजून डोकावत असते.

आता सावल्या. मला विचाराल तर सगळ्या कामातला हाच खरा भाग. राखाडी टी-शर्टावर ज्या चुण्या आहेत त्या आपल्याला निळ्या पोलोवर जशाच्या तशा हव्या आहेत, पण राखाडी रंग नको. फोटोशॉपमध्ये टी-शर्टाच्या थरावर एकाच राखाडी रंगाचा सपाट थर ठेवून त्याला Divide हा मोड दिला की खालचा फोटो त्या रंगाने भागला जातो. समजा खांद्यावर, जिथे उजेड सगळ्यात जास्त आहे, तिथे राखाडीचा आकडा 180 आहे, छातीवर 150 आणि खोल चुणीत 105. सपाट थर 180 चा घेतला तर उत्तर येतं:

```
180/180 × 255 = 255
150/180 × 255 = 212
105/180 × 255 = 149
```

रंग गेला, उरला तो फक्त उजेड आणि सावली. हा थर निळ्या रंगावर Multiply मोडमध्ये ठेवला की खांदा पुरता निळा राहतो आणि चुणी त्याच प्रमाणात गडद होते. सपाट रंग छातीवरचा, म्हणजे 150 चा घेतला असता तर खांद्याचं उत्तर 255 च्या वर गेलं असतं आणि तिथला सगळा तपशील पांढऱ्यात बुडाला असता. म्हणून रंग नेहमी उजळ भागातून उचलायचा. यावरून हेही कळतं की मूळ टी-शर्ट राखाडी का असावा. पांढऱ्या टी-शर्टावर उजेडाने बरेचसे पिक्सेल आधीच 255 ला टेकलेले असतात, काळ्यावर चुण्या तळाशी दबलेल्या असतात. जे फोटोत नोंदलंच गेलं नाही ते कुठलाही मोड परत आणत नाही. जिम्प या मोफत प्रोग्राममध्येही याच नावांचे मोड आहेत, पण त्यांचा आतला हिशोब थोडा निराळा असू शकतो, तेव्हा आकड्यांपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा.

इथे एक खोड आहे. सावल्यांच्या या थरात गोल गळ्याची जुनी शिवणही उतरलेली असते. वर नवी बटणपट्टी काढली तरी तिच्यातून एक पुसट कमान आरपार जाताना दिसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं की "काहीतरी विचित्र वाटतंय", पण काय ते त्याला सांगता येत नाही. म्हणून रंग बदलण्याआधी क्लोन स्टॅम्पने छातीवरचं सपाट कापड उचलून ती रिब आणि तिच्याखालची बारीक चुणी पुसून घ्यायची. क्रम उलटा झाला तर तेच काम दोनदा.

मग नव्या कॉलरची स्वतःची सावली. प्रकाश कुठून येतो हे हनुवटीच्या सावलीवरून समजतं. ती माणसाच्या मानेवर ज्या बाजूला झुकली आहे त्याच बाजूला कॉलरची सावली छातीवर पडणार. एक पान काढून ते आरशासारखं उलटवून दुसरं करायचं, यात काही गैर नाही, फक्त सावली उलटवायची नाही, ती दोन्हीकडे नव्याने द्यायची. नाहीतर एका चेहऱ्यावर दोन सूर्य. कॉलर जिथे कापडाला टेकते तिथे सावली बारीक आणि गडद असते, दोन-तीन पिक्सेलची. टोकाकडे कॉलर किंचित उचललेली असते, तिथे सावली रुंद आणि मऊ होत जाते. या दोन सावल्या वेगळ्या थरांवर काढल्या तर हाताळायला सोप्या पडतात. सावलीचा रंग काळा घेऊ नये. निळ्या कापडावरची सावली गडद निळीच असते, काळी दिली की ती काजळीसारखी दिसते. शेवटी कॉलरच्या काठावर उजेडाची एक पुसट रेघ दिली की कापडाला जाडी येते.

पोलोचं कापड दाणेदार विणीचं असतं, ज्याला बाजारात मॅटी किंवा पिके म्हणतात. पूर्ण माणूस दिसणाऱ्या फोटोत ती वीण दिसतच नाही. फोटो कमरेपर्यंतचा असला तर थोडी दाखवावी, आणि ती Warp ने चुणीबरोबर वाकवावी. सरळ रेषेत पसरलेली वीण छातीवर ग्राफ पेपर लावल्यासारखी दिसते.

हुडीकडे वळलं की आतापर्यंतचं गणित कोलमडतं. टी-शर्टाचं होजिअरी कापड दर चौरस मीटरला साधारण 180 ग्रॅम भरतं, तर हुडीचं फ्लीस 300 च्या घरात असतं. जाड कापडाला बारीक चुण्या पडत नाहीत, मोजक्या आणि गोलसर वळ्या पडतात. म्हणजे पोलोसाठी ज्या चुण्या जपून ठेवल्या त्या इथे घालवाव्या लागतात. सावल्यांचा थर धूसर करून बारीक सुरकुत्या मिटवायच्या आणि कोपर, काख, कंबर इथल्या मोठ्या वळ्या तेवढ्या ठेवायच्या. कपड्याची बाह्यरेषाही थोडी बाहेर ढकलावी लागते. टी-शर्टाच्या मापाची हुडी अंगावर रंगवल्यासारखी दिसते.

पाठीवर पडलेली टोपी समोरून दिसते ती मानेच्या दोन्ही बाजूंना उठलेल्या दोन उंचवट्यांसारखी. मान आणि खांदा यांच्यामधला जो उतार टी-शर्टात स्पष्ट दिसतो तो या कापडाने भरून निघतो. पुढे टोपीचे दोन काठ गळ्याखाली एकमेकांवर चढतात आणि तिथून दोरी लोंबते. सगळ्यात गडद जागा म्हणजे मानेमागची टोपीची आतली बाजू. ती खोल वाटली तरच टोपी पोकळ वाटते. मॉडेलचे केस मानेवर आले असतील तर ते टोपीच्या पुढे राहिले पाहिजेत, आणि एकेक बट वेगळी काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढा उरलेल्या सगळ्या कामात जात नाही.

बाह्या तर वेगळंच दुखणं. पोलो अर्ध्या बाहीचाच असतो, कडेला एक रिब दिली की झालं. हुडीला उघडे हात झाकावे लागतात, आणि त्या हातांवर कापडाची एकही सावली नसते जी उचलून वापरता येईल. कोपरातून वाकलेला हात असेल तर आतल्या बाजूच्या वळ्या, मनगटावर रिबमुळे फुगलेलं कापड, हे सगळं शून्यातून रंगवायचं. हात घडी घातलेला किंवा खिशात असेल तर माझा सल्ला एकच: कुणाची तरी हुडी मागून घ्या, त्याच मुलाला त्याच खिडकीपाशी उभं करा आणि नवा फोटो काढा. रंग त्यावर Divide आणि Multiply ने दहा मिनिटांत बदलता येतो.

पाठवण्याआधी फोटो आडवा उलटवून पाहावा, आणि मग अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून. उलटवला की कॉलरचा तिरकेपणा दिसतो, लहान केला की चुकीची सावली. मंडळाच्या ग्रुपवर तो तेवढाच दिसणार असतो. फोटोखाली 'नमुना चित्र' असं लिहायला मात्र विसरू नये, कारण ऑर्डर हातात आल्यावर कॉलरची टोकं दोन बोटं लहान निघाली तर तोच फोटो पुढे करून भांडण होतं.